कान तुमचाच आहे, साहेब

परवा सकाळी ऑफिसच्या दारात सुरक्षारक्षक काकांनी माझं नवीन ओळखपत्र हातात घेतलं, एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "धाकट्या भावाचं आणलंत का चुकून?"

मला भाऊ नाही. धाकटा तर नाहीच.

मी म्हटलं, "काका, मीच आहे तो." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. मग कार्ड माझ्या गालाला जवळजवळ चिकटवून धरलं, एक डोळा मिटला आणि दोन पावलं मागे गेले. शिंपी कापडाचा रंग जुळवतो तसं कार्ड डावीकडून उजवीकडे फिरवलं. मागे रांग साचू लागली होती. "जरा हसू नका," काका म्हणाले. मी हसत नव्हतो. "मग जरा हसा. ह्यात तुम्ही थोडे हसलेले वाटताय." मी हसलो. "नाही, तसं नको." रांगेतला एकजण पुढे वाकून म्हणाला, "नाक बघा, नाक वेगळं आहे." हा मनुष्य तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो! त्याचं मत विचारलं कोणी होतं? शेवटी काकांनी माझी मान कडेला वळवून कान तपासला आणि निकाल दिला, "कान तुमचाच आहे, साहेब. बाकीचा माणूस कोण आहे ते बघा एकदा." आणि आत सोडलं. कानाच्या भरवशावर.

आता हे झालं कसं? ओळखपत्राचा फोटो ऑफिसच्या पोर्टलवर चढवायचा होता. पोर्टल एका वेळी एकच चूक सांगतं, ही त्याची खासियत. आधी म्हणालं पार्श्वभूमी पांढरी हवी. ती केली, तर चष्म्यावर चकाकी आहे. ती घालवली, तर कॉलर वाकडी. मग डोळ्यांखाली सावली, मग मान कलती, मग आणखी काही. सगळ्या चुका एकदम सांगितल्या तर कोणाचं काय बिघडणार होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी प्रत्येक वेळी एआयच्या ॲपमध्ये फोटो टाकून "एवढं बदल" असं लिहीत गेलो, आणि जो निघाला त्यावरच पुढचा बदल केला. असे नऊ बदल झाले. नवव्याला पोर्टल प्रसन्न झालं.

मूर्ख होतो असं नाही. दर वेळी नवा फोटो आधीच्या फोटोशेजारी ठेवून तपासत होतो. आठवा आणि नववा शेजारी ठेवा, जुळे भाऊ. सातवा आणि आठवा, तेच. इथेच फसलो. असं ॲप बऱ्याचदा फक्त कॉलर बदलत नाही, कॉलर सांगितली तरी सगळं चित्र नव्याने रंगवून देतं, चेहऱ्यासकट. दर खेपेला हनुवटी केसभर सरकते. केसभर सरकलेलं डोळ्यांना दिसत नाही, आणि तुलना कालच्या फोटोशी केली की ते केसभरच राहतं. मूळ फोटोशी करायला हवी होती.

रात्री रागाने बसलो आणि काकांनी हाताने केलं तेच संगणकावर केलं. खाली मूळ फोटो, वर नवव्या क्रमांकाचा थर. वरच्याची अपारदर्शकता निम्मी, म्हणजे 50 टक्के. पहिल्यांदा भूत दिसलं : चार डोळे, दोन नाकं. कारण ॲपने मधल्या कुठल्यातरी बदलात चेहरा थोडा मोठाही केला होता. म्हणून आधी डोळ्यांच्या बाहुल्या जुळवायच्या. बाहुल्याच का? तोंड, भुवया, गाल हे हावभावांप्रमाणे हलतात, पण दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याच पोझमध्ये सहसा तेवढंच राहतं. मूळ फोटोत ते 240 पिक्सेल होतं, नवव्यात 252. वरचा थर 95.2 टक्क्यांवर आणला, किंचित फिरवला, बाहुलीवर बाहुली बसवली.

आणि मग हनुवटी 14 पिक्सेल वर. प्रौढ माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिलिमीटर असतं. त्या हिशेबाने माझी हनुवटी जवळजवळ पावणेचार मिलिमीटर चोरीला गेली होती. एवढ्याने माणूस धाकटा भाऊ होतो हे मला त्या रात्री कळलं.

पुढे वरच्या थराची अपारदर्शकता परत 100 टक्के केली आणि त्याला 'डिफरन्स' लावलं. ह्यात दोन्ही थर जिथे सारखे तिथे काळं, जिथे वेगळे तिथे उजळ. इथे एक सांगतो, कारण मी अर्धा तास वाया घालवला. चेहऱ्याच्या सगळ्या कडांना सारखी बारीक रेघ चमकत असेल, तर चेहरा बदललेला नाही, तुमची जुळवणी एखाद्या पिक्सेलने चुकली आहे. जुळवणी नीट झाली की पांढरेपणा बदललेल्या जागीच गोळा होतो. मी मागितलेले बदल सोडले, तर माझ्याकडे तो तीन ठिकाणी होता : डाव्या पापणीवर, हनुवटीवर, आणि उजव्या गालावर एक गोल ठिपका. तो ठिपका म्हणजे माझा मस, जन्मापासूनचा. डाग समजून कोणीतरी पुसला होता, न विचारता. आणि कान? कान काळाकुट्ट. काकांचं बरोबर होतं.

(1880 च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत आल्फोन्स बर्तियों गुन्हेगारांची अंगमोजणी करायचा, त्यात उजव्या कानाची लांबीही असे. काकांनी बर्तियों ऐकला असेल असं वाटत नाही.)

ह्या युक्तीलाही मर्यादा आहेत. मान कुठल्या बाजूला वळली असेल, तर बाहुल्या जुळवूनही नाक जुळणार नाही, आणि त्याला ओळख बदलली म्हणता येत नाही. नुसती कललेली मान मात्र थर फिरवून जुळते. उजेड बदलला तर डिफरन्स सगळीकडे उजळतं, तेव्हा 50 टक्क्यांच्या थरावरच विसंबावं, किंवा वरचा थर चालू-बंद करत राहावं. जे सरकलंय ते लुकलुकतं, आणि ते बाजूबाजूला ठेवलेल्या फोटोंपेक्षा पटकन दिसतं.

मग एकेक टप्पा मूळ फोटोवर ठेवून पाहिला. पहिले तीन जवळजवळ काळे. चौथ्याला, सावली घालवताना, पापणी बदलली. सहाव्याला मस गेला. हनुवटी पाचव्यापासून दर वेळी दोन-तीन पिक्सेल वर चढत होती, पण आधीच्या फोटोशेजारी ठेवली की तिथेच वाटत होती. चौथ्यालाच थांबलो असतो तर पुढची सगळी शोभा टळली असती.

दुरुस्ती सोपी निघाली आणि त्याचाच जास्त राग आला. नवव्यातली पार्श्वभूमी आणि कॉलर ठेवली, तिथे मास्क लावला, म्हणजे वरच्या थराचा तेवढाच भाग दिसू दिला, आणि मुखडा मूळ फोटोतला परत बसवला. चष्म्याची चकाकी काचेपुरतीच हाताने पुसली. डोळ्यांखालची सावली ठेवली, ती माझी आहे. डिफरन्समध्ये चेहरा रात्रीसारखा काळा.

पोर्टलवर टाकला. उत्तर आलं : कार्ड छापून झालं आहे, फोटो पुढच्या वर्षी बदलता येईल.

आज सकाळी दारात काकांबरोबर एक नवा पोरगा उभा होता. काकांनी माझं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि माझी मान कडेला वळवली. "ह्या साहेबांचा," ते म्हणाले, "फक्त कान बघायचा."