लिम्फोसाइट्स 62 टक्के

“मुलगी 2 वर्षांची. व्हायरल ताप उतरला, पण लिम्फोसाइट्स 62 टक्के, पुढे ‘हाय’ छापलंय. घाबरायचं का?”

ताई, लिम्फोसाइट्स म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. रिपोर्टात शेजारचा 20-40 चा रकाना बघा, तो मोठ्या माणसांचा आहे. बऱ्याच लॅब सगळ्यांना तोच छापतात. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट्सच जास्त असतात, व्हायरलनंतर आणखी थोड्या वाढतात. टक्क्यांपेक्षा आकडा काढा: एकूण पांढऱ्या पेशी 9,000 असतील तर त्याचे 62 टक्के म्हणजे 5,580, या वयाला नॉर्मलच. हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स ठीक असतील आणि पोर खेळतंय-जेवतंय, तर निवांत राहा. मात्र प्लेटलेट्स किंवा हिमोग्लोबिन कमी, रिपोर्टात ‘ब्लास्ट’ शब्द, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, फिकटपणा किंवा ताप परत येत राहणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.