फायनल म्हणजे फायनल नव्हे

पॉवरपॉइंटची डेक तीन जणांकडे तपासायला गेली होती. तिन्ही कॉप्या मेलनं परत आल्या आणि पाठोपाठ फायनान्सचे साहेब स्वतः.

"बदल लाल रंगात दिसत नाहीत. ट्रॅक चेंजेस चालू का ठेवलं नाहीत?"

"साहेब, पॉवरपॉइंटमध्ये ते नसतं."

"वर्डमध्ये असतं की!"

"हो, वर्डमध्ये असतं."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नाही. त्यांनी माझ्यासमोर वर्ड उघडून एक वाक्य खोडून दाखवलं. मी पाहिलं. छान खोडलं होतं.

पॉवरपॉइंटमध्ये जे आहे ते वेगळं. आपली मूळ फाइल उघडायची, Review मधल्या Compare वर जायचं आणि समोरच्याची कॉपी निवडायची. मग स्लाइडवर खुणा उमटतात. खूण उघडून हवा तेवढाच बदल टिक करायचा. एका वेळी एकच कॉपी जोडता येते, म्हणून तिघांसाठी तीन फेऱ्या, आणि दर फेरीनंतर नव्या नावानं सेव्ह. शेवटी End Review दाबायचं, पण तोवर जे टिक केलं नाही ते गेलं. ती ताकीद कोणी वाचत नाही, सगळे Yes दाबतात आणि आठवड्यानं विचारतात, "माझा बदल कुठाय?"

साहेबांना हे पटलं नाही. त्यांनी स्वतःची पद्धत काढली. मार्जिनच्या आकड्याशेजारी टेक्स्ट बॉक्स टाकून लाल अक्षरांत लिहिलं, 'हा आकडा कुठून आला???' प्रश्नचिन्हं तीन. कॉमेंट टाकली असती तर ती स्लाइड शोमध्ये दिसली नसती. टेक्स्ट बॉक्स हा मात्र स्लाइडचाच भाग, म्हणून तो क्लायंटसमोर भिंतीवर चार फूट रुंद झळकला. क्लायंटनंही तेच विचारलं, कुठून आला?

नावांची तऱ्हा आणखी निराळी. फोल्डरमध्ये `Budget_28-05.pptx` आणि `Budget_03-06.pptx` शेजारी शेजारी. नावानं लावलं की ०३ वर आणि २८ खाली, म्हणून शेवटची ती ताजी समजून साहेबांनी मे महिन्याच्या फाइलवर जूनचे बदल केले. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं आधी तारीख, मग आवृत्ती, मग बदल करणाऱ्याची आद्याक्षरं, असं `2025-06-03_Budget_v04_SK.pptx` लिहिलं की रांग आपोआप बरोबर लागते. Final हा शब्द तर नावात नकोच. `Final_2` निघाली की पहिल्या फायनलला काय म्हणायचं?

खरं तर फाइल वनड्राइव्हवर एकच ठेवावी, सगळ्यांना लिंक द्यावी आणि जुनं हवं तेव्हा Version History मधून काढावं. दिली लिंक. साहेबांनी ती उघडली, फाइल डाउनलोड केली, तासभर बदल केले आणि मेलला जोडून पाठवली. मजकूर एका ओळीचा: "कृपया सर्व बदल घ्यावेत." कुठले बदल, ते आता मी शोधायचं. पुन्हा Compare.