182 दिवसांचा मेसेज आणि परतीची तारीख

"परदेशात 182 दिवस काढले की माणूस एनआरआय झाला. मग तिकडच्या पगारावर आणि इकडच्या कमाईवर भारतात एक रुपयाही टॅक्स नाही, रिटर्नही भरायचं नाही."

जळगाव, रावेर, भुसावळकडची बरीच पोरं आखातात आहेत आणि हा मेसेज घरोघरी पोचलाय. त्यावर विसंबून तिकीट काढलं तर लाखभराचा फटका बसू शकतो.

कायदा मोजतो ते भारतातले दिवस, परदेशातले नाही. तेही जानेवारी ते डिसेंबर नव्हे, 1 एप्रिल ते 31 मार्च. भारतात 182 किंवा जास्त दिवस भरले की तुम्ही रहिवासी. 365 दिवसांपैकी 182 बाहेर काढले तर इथे 183 उरतात, म्हणजे रहिवासीच. बाहेर निदान 184 दिवस हवेत.

नोकरीसाठी पहिल्यांदा जाताना 28 सप्टेंबरपर्यंत देश सोडला आणि मार्चअखेर परत आला नाही, तर इथले 181 दिवस होतात आणि तो अनिवासी ठरतो. इथे एक गोम आहे. भुसावळहून 28 तारखेला दुपारी गाडीत बसला आणि मुंबईचं विमान रात्री दीडचं असेल, तर देश सोडल्याची तारीख 29 होते. निघण्याचा दिवस धरायचा की नाही यावर वाद झालेले आहेत, पण तो भारतातलाच धरून चालावं. म्हणजे 182 भरले, आणि मार्चपर्यंतचा दुबईचा पगारही इथे करपात्र झाला.

मेसेजमध्ये ज्याचा पत्ताच नाही, ती गोष्ट परतीच्या वर्षाची. जाणाऱ्याला आणि सुट्टीवर घरी येणाऱ्याला 182 दिवसांची सवलत आहे. (सुट्टीवर येणाऱ्याचं भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर असेल तर ती 120 दिवसांवर येते.) नोकरी सोडून कायमचा परत येणारा मात्र भेटीला आलेला नसतो. त्याला मूळ नियम लागतो: त्या वर्षी भारतात 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस झाले, तर तो रहिवासी.

समजा, रावेरचा एक फिटर 20 सप्टेंबर 2023 ला दुबईला गेला, मध्ये एकदाही आला नाही आणि 15 जानेवारी 2026 ला कायमचा परतला. 31 मार्चपर्यंत त्याचे इथे 76 दिवस होतात. आधीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन तो गावातच होता, तेवढ्यातच 730 दिवस झाले. म्हणजे वर्षातले साडेनऊ महिने दुबईत काढूनही तो 2025-26 साठी रहिवासी. दीर्घकाळ बाहेर राहून परतलेल्यांसाठी एक मधला दर्जा आहे, पण त्यासाठी मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस 729 किंवा कमी लागतात, नाहीतर दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असावं लागतं. हा त्यात बसत नाही.

महिना दीड लाखाने त्याचा पगार सव्वाचौदा लाख झाला. 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन साडेतेरा लाख उरतात. नव्या पद्धतीने कर 82,500, उपकर धरून 85,800 रुपये. दुबईत पगारावर कर भरलेलाच नाही, त्यामुळे त्याची वळती मागायलाही काही नाही. दोन देशांतल्या करारातून सुटका होते का, ते तिथलं कर-रहिवासी प्रमाणपत्र घेऊन सीएला विचारावं लागेल. तोच माणूस 1 फेब्रुवारीला उतरला असता, तर इथले दिवस 59 भरले असते आणि तिकडच्या पगारावर भारतात कर शून्य. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, भाऊंनो: राजीनामा देण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा. फेब्रुवारी 29 दिवसांचा असेल तर 1 तारीखही चालत नाही, 2 लागते. दिवसांचे हे आकडे 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही तेच आहेत.

अनिवासी माणसाने तिकडच्या खात्यात जमा झालेला पगार घरी पाठवला, तर त्या पाठवण्यावर कर नाही. पण इथली कमाई सुटत नाही. जळगावच्या फ्लॅटचं भाडं आणि अनिवासीच्या इथल्या बँकेतल्या एनआरओ ठेवीचं व्याज करपात्रच राहतं. शिवाय 12 लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूट फक्त रहिवाशांना आहे. इथे सहा लाखांचं व्याज मिळवणारा अनिवासी 10,400 रुपये भरतो, तर गावातला त्याचा सख्खा भाऊ तेवढ्याच व्याजावर काहीच भरत नाही.

राहिलं रिटर्न. एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक 30 टक्के आणि वर उपकर कापून घेते, मग एकूण उत्पन्न चार लाखांच्या आत असलं तरी. ते पैसे परत मिळवायला रिटर्न भरण्यावाचून मार्ग नाही.