आयडियल फिल्टरचं रिंगिंग पॅडिंगने जात नाही

"आयडियल लो-पास फिल्टर नावाप्रमाणेच सगळ्यात चांगला, कटऑफच्या पुढचं सगळं साफ कापतो. कडांभोवती लाटा दिसल्या तर समजा एफएफटीच्या आधी पॅडिंग राहिलं. तरीही नको असेल तर बटरवर्थ लावा, त्यात रिंगिंग येतच नाही."

हा सल्ला वारंवार ऐकू येतो, पण तो जसाच्या तसा खरा नाही. रिंगिंग म्हणजे कडांभोवती उमटणाऱ्या याच लाटा. उदाहरणाला दीक्षाभूमीच्या स्तूपाचा ५१२ × ५१२ चा ग्रे फोटो घेऊ. पांढरा घुमट २१०, मागचं आकाश ११० आणि कटऑफ D0 = ३२ धरू.

आधी नावाचं. इथे 'आयडियल' म्हणजे गणितातला काटेकोर आकार: स्पेक्ट्रममध्ये D0 त्रिज्येच्या वर्तुळाच्या आत १, बाहेर ०. निकाल उत्तम येईल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. उलट, लाटा येतात त्या याच साफ कापण्यामुळे. स्पेक्ट्रमला मास्कने गुणणं म्हणजे चित्रातला प्रत्येक पिक्सेल त्या मास्कच्या उलट्या रूपांतराच्या आकारात पसरवणं. तीव्र कडेच्या चकतीचं उलटं रूपांतर म्हणजे मधे उंचवटा आणि भोवती आळीपाळीने ऋण-धन कडी. आपल्या आकड्यांत मधला उंचवटा सुमारे १० पिक्सेलवर शून्याला येतो आणि सुमारे १३ पिक्सेलवर पहिलं ऋण कडं शिखराच्या १३ टक्के खोल जातं. कडी पुढे बारीक होत जातात, पण संपत नाहीत.

आता घुमटाची कड जवळून पाहा. घुमट मोठा असल्यामुळे थोड्या अंतरापुरती ती सरळ रेषाच धरता येते. कडेपासून ८ पिक्सेल आत उजेड २१० वरून सुमारे २१९ वर चढतो आणि तेवढ्याच अंतरावर बाहेर आकाश ११० वरून १०१ वर उतरतं. ही उडीच्या ९ टक्क्यांची चूक. १६ पिक्सेलवर उलट्या दिशेने ५ टक्के, २४ वर परत ३ टक्के. सपाट आकाशात घुमटाच्या आकाराच्या फिकट रेषा उमटतात त्या याच. कटऑफ वाढवला तर त्या कडेजवळ सरकतात, पण पहिली ९ टक्केच राहते.

पॅडिंगचा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलेला, म्हणून तो करूनच पाहावा. खालच्या चित्रात एकच उभी कड आहे:

```python
import numpy as np
N, D0 = 512, 32
f = np.full((N, N), 110.0); f[:, N//2:] = 210
u = np.fft.fftfreq(N) * N
D = np.hypot(*np.meshgrid(u, u))
H = D <= D0
g = np.fft.ifft2(np.fft.fft2(f) * H).real
print(g[0, 240:290].round(1))
```

२६३-२६४ व्या पिक्सेलपाशी २१९ च्या आसपासचा आकडा दिसेल. चित्राच्या टोकांपासून ही जागा खूप लांब आहे, त्यामुळे पॅडिंगचा इथे संबंधच येत नाही. पॅडिंग दुसऱ्याच दोषावर आहे: वरच्या काठाचा उजेड खालच्या काठाला झिरपू नये म्हणून. ते जरूर करा, पण १०२४ पर्यंत वाढवल्यावर D0 ही ६४ करा. तो ३२ च ठेवला तर कटऑफ निम्मा होतो, लाटा दुप्पट रुंद होतात आणि लोकांना वाटतं पॅडिंगने काहीतरी बदललं. शून्यांनी भरलं तर काळ्या चौकटीची नवी कड तयार होते आणि तीही लाटा सोडते, म्हणून आरशासारखं प्रतिबिंब भरणं बरं.

बटरवर्थबद्दलचं विधान अर्धं खरं आहे. त्याचं सूत्र `1/(1+(D/D0)**(2*n))`, त्यात D म्हणजे स्पेक्ट्रमच्या मध्यापासूनचं अंतर, आणि सगळं n वर अवलंबून आहे. n = १ ला लाट येत नाही. n = २ ला पहिली लाट उडीच्या ३.४ टक्के, आपल्या फोटोत साडेतीन पातळ्यांपेक्षा कमी. दुसरी अर्ध्या टक्क्याहूनही लहान, म्हणून डोळ्याला रिंगिंग जाणवत नाही. n वाढवत नेलं की उतार कड्यासारखा होतो, फिल्टर आयडियलकडे सरकतो आणि लाटा परत येतात. n = २० घेऊन 'बटरवर्थ लावलाय' म्हणण्यात अर्थ नाही.

लाट अजिबातच नको असेल तर गॉसियन: `np.exp(-D**2/(2*D0**2))`. त्याचं उलटं रूपांतरही गॉसियनच, कुठेही ऋण न जाणारं. D0 = ३२ ला चित्रात त्याचा सिग्मा सुमारे २.५ पिक्सेल येतो. वरच्या कोडमध्ये `H` च्या जागी तो टाका, उत्तर ११० ते २१० च्या बाहेर जाणार नाही. किंमत अशी की कटऑफच्या दुप्पट अंतरावरही १३.५ टक्के शिल्लक राहतं.

तिन्हींची तुलना एकाच D0 वर करताना एक फसगत होते. तिथे बटरवर्थ ०.५ वर असतो, गॉसियन ०.६०७ वर. दोन्ही निम्म्यावर आणायचे असतील तर गॉसियनला ३२ ऐवजी २७.२ द्या. आणि फक्त ० आणि २५५ असलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर आयडियल चालवून निकाल थेट `uint8` मध्ये टाकू नका. -२३ चं २३३ होतं आणि कडेच्या काळ्या बाजूला पांढरे पट्टे उमटतात. आधी `np.clip(g, 0, 255)`.