टपाल तोलावे, वाचू नये

आपल्या कार्यालयाने एखाद्या मसुद्यावर जनतेच्या सूचना मागवल्या असतील आणि सोमवारी सकाळी इनबॉक्समध्ये चाळीस हजार ई-मेल येऊन पडलेले दिसले, तर सर्वप्रथम वरिष्ठांना आकडा कळवावा. आकडा हा नेहमीच आधी कळवायचा असतो, कारण पत्रे वाचल्यानंतर तो कळवण्यासारखा राहीलच याची खात्री नसते. त्यातली कोणतीही दोन पत्रे शेजारीशेजारी ठेवून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. दुसऱ्या परिच्छेदात दोघांनीही तोच शब्द तसाच चुकीचा लिहिला आहे, असे एकदा ध्यानात आले की चाळीस हजार नागरिकांच्या जागी चाळीस हजार बोटे आणि एक लेखक दिसू लागतो, आणि मग आनंद टिकत नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, हा आनंद स्वतःच्या हाताने घालवला. ९ डिसेंबर २०१५ रोजी त्यांनी डेटाच्या भेदात्मक दरांविषयी एक सल्लामसलत-पत्र काढले आणि त्यात चार प्रश्न विचारले. वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत का. लावू दिल्यास भेदभाव होऊ नये, व्यवहार पारदर्शक राहावा आणि स्पर्धा टिकावी म्हणून काय करावे. ग्राहकाला फुकट इंटरनेट देण्याचे दुसरे मार्ग कोणते. आणि याखेरीज काही सांगायचे आहे का. चौथा प्रश्न तर इतका उदार होता की त्याचे उत्तर कोणालाही देता आले असते. त्याच काळात फेसबुकने निवडक सेवा विनाशुल्क पुरवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेला पाठिंबा देणारे पत्र तयार करून वापरकर्त्यांसमोर ठेवले. एक बटण दाबले की ते पत्र ट्रायकडे रवाना होत असे. ही विनंती अमेरिकेतल्या काही वापरकर्त्यांनाही दिसली. कंपनीने ती चूक असल्याचे सांगितले. भारतातल्या डेटा-दरांची काळजी साता समुद्रापार वाहिली जात असेल, तर आपण त्याला चूक म्हणण्याची घाई करू नये.

एकूण सुमारे २४ लाख प्रतिसाद आले आणि त्यातले १८.९४ लाख ‘फ्री बेसिक्स’च्या बाजूचे होते. आपल्यासारख्या सुज्ञ अधिकाऱ्याने इथेच फाइल बंद केली असती, कारण एवढ्या बहुमतानंतर वाचायचे काय उरते? ट्रायच्या लोकांनी मात्र पत्रे आली कुठून ते पाहिले. त्यातली १३.५ लाख supportfreebasics.in वरून आणि ५.४४ लाख facebookmail.com वरून आलेली निघाली. ही दोन नावे मिळवली की बेरीज नेमकी १८.९४ लाख होते. मग त्यांनी आणखी एक अशोभनीय गोष्ट केली. त्या पत्रांत चार प्रश्नांची उत्तरे शोधली, आणि ती सापडली नाहीत. पत्रे योजनेचे समर्थन करत होती; प्रश्न मात्र योजनेविषयी नव्हताच, तो दरांविषयी होता. ट्रायने कंपनीला कळवले की लोकांना प्रत्यक्ष प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगा, आणि जानेवारी २०१६ मधल्या पत्रात असेही सुनावले की सल्लामसलतीची ढोबळ बहुमताची, घडवून आणलेली मतचाचणी केली जात आहे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदात्मक दरांवर बंदी घालणारे विनियम निघाले. १८.९४ लाख पत्रे असूनही!

तेव्हा ट्रायसारखी फजिती होऊ नये यासाठी काय करू नये, ते नीट समजून घ्या. पत्रातले संबोधन, नाव, पत्ता आणि शेवटची सही काढून टाकून उरलेला मजकूर सलग करू नये. त्या मजकुराचे पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडून किती तुकडे दुसऱ्या पत्राशी जुळतात, हे तर अजिबात पाहू नये. दहापैकी आठ तुकडे जुळणारी पत्रे एका गठ्ठ्यात पडू लागली की हजारो रकान्यांची आपली सुंदर तक्ता-वही दोन पानांची होते. पत्रे कोणत्या वेळी आली तेही तपासू नये. स्वतःहून लिहिणारी माणसे दिवसभर विखरून लिहितात, तर मोहिमेची पत्रे आवाहन निघताच तासाभरात उसळतात आणि मग ओसरतात, ही माहिती ज्याला झाली त्याची झोप उडते.

यात एक पेच आहे, आणि तो मी प्रामाणिकपणे सांगतो. अलीकडच्या मोहिमा शब्द फिरवतात. वाक्याचा सांगाडा कायम ठेवून ‘निर्णय’च्या जागी ‘आदेश’ आणि ‘नागरिक’च्या जागी ‘जनता’ घातली की तुकडे जुळत नाहीत; २०१७ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे आलेल्या टिप्पण्यांत अशी पत्रे लाखांच्या संख्येने आढळली होती. ती ओळखायची तर मुद्दे कोणत्या क्रमाने येतात ते पाहावे लागते, म्हणजे पुन्हा वाचावे लागते. उलट, एका वस्तीत पाणी येत नाही म्हणून तीनशे जणांनी तक्रार केली तर विषय एकच असतो, पण कोणी गल्लीचे नाव लिहितो, कोणी टँकरचे पैसे, कोणी आजारी आईचे दुखणे. ती पत्रे एका गठ्ठ्यात जुळत नाहीत, आणि जुळवूही नयेत.

आता एक अडचणीची गोष्ट. एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक मिळावी या तत्त्वाच्या, बाजूच्या स्वयंसेवकांनीही हेच केले होते. ट्रायच्या आधीच्या एका सल्लामसलत-पत्रातल्या वीस प्रश्नांची तयार उत्तरे लिहून ठेवली, बटण दिले, आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ते पत्रही मोजायचे तर एकच निवेदन मोजावे लागते. फरक एवढाच की त्या एका निवेदनात वीस प्रश्नांची उत्तरे होती. आपल्याला ही तुलना रुचणार नाही, हे मी जाणतो. आपल्या बाजूचा साचा हा जनतेचा उद्रेक असतो आणि समोरच्याचा साचा हा कट, हा नियम आपण पाळत आलो आहोत, तो सोडू नये.

शेवटी नोंद करण्याची वेळ आली, तर चुकूनही असे लिहू नये: ‘मुद्दा १, पाठवणारे चाळीस हजार, मजकूर एकच, मूळ मजकूर सोबत जोडला आहे.’ ही एक ओळ फार धोकादायक आहे. तीत मुद्द्याला एक जागा मिळते, माणसांचा आकडा बाजूला शाबूत राहतो आणि कोणालाच काही फुगवता येत नाही. त्याहून सोपा मार्ग असा की ‘सर्व एकसारखी’ असा शेरा मारून गठ्ठा कपाटात ठेवावा. त्या गठ्ठ्यात दोनशे-तीनशे पत्रे अशी निघू शकतात, ज्यांत साच्याच्या खाली पाठवणाऱ्याने स्वतःचे चार शब्द लिहिलेले असतात: आमच्या गावात एकच टॉवर आहे, मुलांना अभ्यासासाठी अमुक संकेतस्थळ लागते, ते या फुकट यादीत नाही. साचा वगळून उरलेला मजकूर दहा शब्दांहून मोठा असलेली पत्रे वेगळी काढली तर ती तासाभरात हाती येतात. पण कपाटाची किल्ली आता शिपायाकडे आहे, आणि तो रजेवर आहे.