घड्याळ पुढे-मागे करण्याबद्दल: श्रीकांतदादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

श्रीकांत (नाशिक) यांची प्रतिक्रिया:
"ताई, मागचा लेख वाचला. घड्याळ बदलणं बंद करा एवढं लिहून मोकळ्या झालात. पण ही पद्धत शेतकऱ्यांसाठी आणली होती आणि वीज वाचते म्हणूनच शंभर वर्षं टिकली ना? तिकडचे लोक वेडे आहेत का? आणि एवढाच त्रास होतो तर उन्हाळ्याची वेळ वर्षभर ठेवा, विषय संपला. संध्याकाळी उजेड कोणाला नको असतो?"

श्रीकांतदादा, सविस्तर लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. मागचा लेख मी मार्चमध्ये घड्याळ पुढे केल्यानंतरच्या सोमवारी लिहिला होता, लेकीला ओढून उठवून स्कूलबसला सोडून आल्यावर लगेच, त्यामुळे त्यात राग जास्त आणि माहिती कमी होती हे मला मान्य आहे. आता नीट लिहिते. इथे अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात, ती उन्हाळ्याची वेळ, आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे आणतात, ती हिवाळ्याची वेळ म्हणजेच स्टँडर्ड टाइम.

आधी शेतकऱ्यांचं. हे इथे इंडियानापोलिसलाही मला चार जणांनी सांगितलंय, पण गोष्ट बरोबर उलटी आहे. घड्याळ पुढे करायची कल्पना ज्याने लावून धरली तो विल्यम विलेट लंडनचा बिल्डर होता. उन्हाळ्यात पहाटे घोड्यावरून फिरायला जायचा तेव्हा उजाडून तास-दोन तास झालेले असायचे आणि घरोघरी पडदे ओढलेले, लोक झोपलेले. १९०७ साली त्याने पत्रक छापलं की एप्रिलमध्ये चार रविवारी वीस-वीस मिनिटं घड्याळ पुढे करा आणि सप्टेंबरमध्ये तसंच मागे आणा. पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं चर्चा झाली, कायदा काही झाला नाही आणि १९१५ मध्ये विलेट गेला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ ला, जर्मनीने आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने युद्धात कोळसा वाचावा म्हणून घड्याळं एक तास पुढे केली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही केली. अमेरिकेत १९१८ ला आलं आणि १९१९ ला रद्द झालं, ते रद्द करायला लावलं शेतकऱ्यांनी! राष्ट्राध्यक्ष विल्सनचा नकाराधिकार डावलून तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ते रद्द केलं. कारण सरळ आहे, कापलेल्या गवतावरचं दव उन्हाने वाळल्याशिवाय ते गोळा करता येत नाही आणि दव घड्याळ बघून वाळत नाही, पण मजूर मात्र घड्याळ बघून घरी जातो आणि दुधाची गाडीही घड्याळानेच सुटते. म्हणजे सकाळचा एक तास माणसं नुसती बसून आणि संध्याकाळी काम अर्धवट. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

आता वीज. इथे मी राहते त्याच राज्याचं उदाहरण देते कारण याहून चांगलं मिळायचं नाही. इंडियानातल्या बहुतेक जिल्ह्यांत २००५ पर्यंत घड्याळ बदलतच नव्हते, काही थोडे जिल्हे बदलायचे. मग विधिमंडळात अगदी थोड्या मतांनी कायदा झाला आणि २००६ पासून सगळ्या राज्याने बदलायला सुरुवात केली. मॅथ्यू कॉचेन आणि लॉरा ग्रँट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ही संधी बरोब्बर पकडली, दक्षिण इंडियानातल्या घरांची आधीची आणि नंतरची वीजबिलं घेतली आणि जे जिल्हे पहिल्यापासून बदलत होते त्यांच्याशी ताडून बघितली. निघालं काय, तर घरगुती वापर कमी व्हायच्या ऐवजी साधारण एक टक्का वाढला. दिव्यांची वीज वाचली, ते खरंच आहे, पण लोक ऊन असतानाच घरी येऊन एसी लावतात, आणि वसंतात-शरदात सकाळी थंडगार अंधारात उठून हीटर लावतात. १९१६ साली घरात एसी नव्हता, संध्याकाळी विजेचा किंवा गॅसचा खर्च म्हणजे मुख्यतः दिवेच, त्यामुळे तेव्हाचा हिशोब तेव्हा पटण्यासारखा होता. आता एलईडी दिव्याला वीज लागते किती आणि एसीला किती, तुम्हीच बघा. (थंड हवेच्या, एसी न लागणाऱ्या भागात थोडी बचत निघूही शकते, पण ती फार नसते.)

आता तुमचा शेवटचा मुद्दा, वर्षभर उन्हाळ्याची वेळ. खरं सांगते, मी इथे आले तेव्हा माझंही हेच मत होतं. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड, जेवणं झाल्यावर पार्कात जायचं, कोणाला नको असेल! मत बदललं ते लेकीच्या एका काठीमुळे. गेल्या जुलैत तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी मागच्या अंगणात एक काठी उभी रोवली आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करत बसली, सगळ्यात छोटी सावली कधी पडते ते बघायला. मी म्हटलं बाराला पडेल, फार तर एकला. पडली दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी. म्हणजे आमच्या डोक्यावरचा सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ दोन तास मागे! मग दोघींनी बसून हिशोब केला. इथली वेळ ठरते ७५ अंश पश्चिम रेखांशावरून, आणि आमचं शहर आहे ८६ च्या पुढे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे घड्याळ न बदलताही आम्ही सूर्याच्या पाऊण तास पुढे आहोतच, त्यावर उन्हाळ्याचा तास, झाले पावणेदोन. उरलेली पाच-सहा मिनिटं सूर्याच्या वर्षभराच्या थोड्या पुढे-मागे होण्यातली.

आता हाच हिशोब जानेवारीला लावा. जानेवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य उगवतो आठ वाजून पाच-सहा मिनिटांनी, स्टँडर्ड टाइमने. उन्हाळ्याची वेळ वर्षभर ठेवली तर तो उगवणार नऊ वाजून पाच मिनिटांनी. लेकीची बस येते सव्वासातला. आताही ती अंधारातच जाते, पण पहिला तास सुरू होईपर्यंत खिडकीतून उजाडलेलं दिसतं, तसं झालं तर पहिला तास संपत आला तरी बाहेर काळोख असेल. आणि तुम्ही म्हणाल सवय होईल, तर नाही होत, कारण शरीराचं घड्याळ भिंतीवरच्या आकड्यावर चालत नाही, सकाळी डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवून घेतं. सकाळचा उजेड उशिरा आणि रात्रीचा उजेड उशिरापर्यंत, की झोप पुढे ढकलली जाते, पण बस आणि ऑफिस पुढे ढकललं जात नाही, मग तो फरक रोज झोपेतून कापला जातो. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मध्ये म्हणूनच सांगितलं की बदल बंद करा आणि कायम स्टँडर्ड टाइम ठेवा, उन्हाळ्याचा नको.

आणि दादा, हे सगळं करून बघून झालंय. १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेने ठरवलं की दोन वर्षं उन्हाळ्याचीच वेळ ठेवायची, ६ जानेवारी १९७४ पासून सुरुवात. डिसेंबरमध्ये ७९ टक्के लोक बाजूने होते. मग शाळा उघडल्या, मुलं टॉर्च घेऊन काळोखात बसची वाट बघायला लागली, फ्लोरिडात मुलांचे अपघाती मृत्यू झाले तेव्हा आईबाप खवळले, काही शाळांनी वेळच पुढे ढकलली (म्हणजे घड्याळ एक तास पुढे करून शाळाही एक तास उशिरा, मग मिळवलं काय?). फेब्रुवारीत पाठिंबा ४२ टक्क्यांवर आला. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्डने सही केली आणि हिवाळ्यापुरती जुनी वेळ परत आली. दोन वर्षांचा प्रयोग पुरा एक हिवाळासुद्धा लोकांनी शांतपणे सोसला नाही.

ब्रिटनने १९६८ ते १९७१ तीन हिवाळे हेच केलं, उत्तर स्कॉटलंडमध्ये सूर्य दहाच्या सुमाराला उगवायचा. तिथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे ती लपवत नाही: सकाळचे अपघात वाढले पण संध्याकाळचे त्याहून जास्त कमी झाले असं आकडे सांगत होते. फक्त दारू पिऊन गाडी चालवण्यावरचा कडक कायदा तिथे १९६७ च्या ऑक्टोबरमध्येच लागू झाला होता, त्यामुळे संध्याकाळची किती घट उजेडाची आणि किती त्या कायद्याची हे वेगळं करणं अवघड. शेवटी खासदारांनी ३६६ विरुद्ध ८१ मतांनी ते बंद केलं. रशियाने २०११ ला कायम उन्हाळ्याची वेळ घेतली, २०१४ ला सोडली आणि तेव्हापासून कायम हिवाळ्याच्या वेळेवर आहे.

युरोपियन युनियनचंही बघा. २०१८ मध्ये ४६ लाख लोकांनी मत दिलं, ८४ टक्के म्हणाले बदल नको, २०१९ मध्ये त्यांच्या संसदेने २०२१ पासून बंद करायचं ठरवलं, आणि गाडी अडली ती इथेच, कुठली वेळ ठेवायची यावर सगळी सरकारं एक होईनात. म्हणून मी म्हणते "विषय संपला" म्हणता येत नाही, खरा विषय तिथूनच सुरू होतो.

माझं उत्तर स्टँडर्ड टाइम. त्याची किंमत मला माहीत आहे, जूनमध्ये आमच्याकडे सव्वासहाऐवजी सव्वापाचला उजाडेल आणि पार्कातला एक तास जाईल. लंडनला तर पावणेचारलाच सूर्योदय होईल, त्यामुळे तिथल्या माणसाने वेगळं म्हटलं तर मी भांडणार नाही. मुंबईत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक, लंडनला साडेआठ तासांहून जास्त, म्हणून नाशकात बसून हा प्रश्न नीटसा जाणवत नाही, आईला फोनवर "आता साडेनऊ नाही, साडेदहा तासांचा फरक" हे मी दर नोव्हेंबरला नव्याने समजावते. (तरी आपल्याकडेही १९४२ ते १९४५ युद्धासाठी घड्याळं तासभर पुढे केली होती, घरातल्या कोणा नव्वदीच्या आजोबांना आठवत असेल तर जरूर विचारा आणि इथे लिहा.)

अजून एक, हे इथल्या माझ्या शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही राज्याला कायम स्टँडर्ड टाइमवर राहायची मुभा आजही आहे, हवाई आणि जवळजवळ सगळं ॲरिझोना तसंच राहतं. कायम उन्हाळ्याची वेळ घ्यायला मात्र केंद्रात कायदा बदलावा लागतो. अनेक राज्यांनी तसे ठराव करून ठेवलेत, २०२२ च्या मार्चमध्ये सिनेटने विधेयक मंजूरही केलं, पण दुसऱ्या सभागृहात ते पुढे गेलंच नाही. म्हणजे इंडियानाला २००५ च्या जागी परत जायचं असेल तर वॉशिंग्टनची वाट बघायची गरज नाही, इथल्याच विधिमंडळात होऊ शकतं. आमच्या भागाच्या आमदाराला मी मागच्या आठवड्यात तेच पत्र लिहिलंय, सोबत काठीच्या सावलीचा लेकीने काढलेला तक्ता जोडून.