आपल्या खात्यात जमा

"अहो, बँकेत दोनदा जाऊन आलो, तुमचे दोन हजार आलेलेच नाहीत," असे एक ग्राहक काल मला फोनवर म्हणाले, तेव्हा चूक माझ्याच पत्रात आहे हे मला कळले आणि त्यामुळेच राग अधिक आला.

प्रकरण साधे होते. ४० नगांचे, प्रत्येकी ५०० प्रमाणे, २०,००० चे बिल गेले. माल मात्र ३६ नगच पोहोचला. ग्राहकांनी तोंडाने काही न सांगता २,००० कापून १८,००० भरले. पाठवलेले बिल मागाहून खोडता येत नसल्यामुळे आमच्या वहीत त्यांच्याकडून २,००० येणे दिसत राहिले, आणि ते मिटवण्यासाठी आम्ही तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, काढली. बाकी शून्य झाली. त्यासोबतच्या पत्रात मी मोठ्या ऐटीत लिहिले, "आपल्या खात्यात २,००० जमा केले आहेत."

आता 'खाते' म्हणजे आमच्या वहीतले त्यांच्या नावाचे पान, हे हिशेब लिहिणाऱ्याला सांगावे लागत नाही. इतरांना मात्र 'खात्यात जमा' म्हटले की बँकच आठवते.

"पण रक्कम तुम्ही आधीच कापून घेतली आहे ना?" मी विचारले.

"ती मी कापली. तुम्ही कुठे दिली?"

"तुम्ही कापली तीच आम्ही आता मान्य केली."

"म्हणजे माझेच पैसे मला देऊन वर पत्र पाठवता? आणि बाकी शून्य! दोन हजार जमा केल्यावर शून्य कसे उरेल? निदान दोन हजार तरी उरायला हवेत."

या तर्काला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण पत्रात आधीची बाकी मी लिहिलीच नव्हती. २,००० येणे, त्यातून २,००० वजा, म्हणून शून्य, एवढी एक ओळ असती तर माझा पाऊण तास वाचला असता. बिल पूर्ण भरलेले असते तर गोष्ट वेगळी होती. मग तीच नोट त्यांचे २,००० आमच्याकडे शिल्लक दाखवती आणि ते परत मागण्याचा किंवा पुढच्या बिलात वळते करण्याचा त्यांना हक्क असता.

खरे तर मूळ मसुद्यात मी स्वच्छ लिहिले होते, "ही रक्कम आपण आधीच कापलेली असल्यामुळे वेगळी मिळणार नाही." साहेबांनी ते वाक्य 'रुक्ष' म्हणून काढले आणि त्या जागी "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" असे घातले. बँकेच्या खेपा ग्राहकांनी घातल्या, बोलणी मी खाल्ली, आणि आभार तेवढे साहेबांचे राहिले.

आज दुसरे पत्र लिहिले. त्यात बिलाचा क्रमांक आणि तारीख, कमी पोहोचलेले चार नग, आधीची बाकी, नोटेची रक्कम आणि आताची बाकी ओळीने दिली, शिवाय 'आमच्या वहीतील आपले खाते' असे स्पष्ट म्हटले. 'वेगळी मिळणार नाही' हे वाक्यही परत घातले. मसुदा साहेबांच्या टेबलावर आहे आणि त्यांच्या हातात लाल पेन आहे.